दहा चिठ्ठ्यांची पिशवी

गेम तपासणाऱ्या मावशींनी गेममधल्या चाळीस पेट्या उघडल्या, पण एकीतही तलवार निघाली नाही.

"दर पेटीला दहात एक शक्यता," प्रोग्रामर म्हणाला. "पेटीला मागचं आठवत नाही."

"मला आठवतं ना," मावशी फणकारल्या.

त्याने कोड बदलला. आता कोडमध्ये जणू एक पिशवी: तिच्यात दहा चिठ्ठ्या, एकीवर तलवार. दर पेटीला एक चिठ्ठी काढायची. काढलेली चिठ्ठी परत टाकायची नाही. पिशवी संपली की पुन्हा दहा भरून ढवळायच्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या नऊ पेट्या रिकाम्या गेल्या. त्याने हळूच सगळं ऑफिस मावशींच्या टेबलाभोवती जमवलं. दहावीत तलवार झळकली.

"याला म्हणतात नशीब," मावशी खुशीत म्हणाल्या. "कालचा तुझा गेम लबाड होता."

कालचाच प्रामाणिक होता, हे त्याने गिळलं आणि सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या.