निळा माठ

भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत जवळा सुकत पडला होता आणि बकुळाचा सगळा जीव सुनेत अडकला होता. रसिकाला सातवा महिना. गेल्या आठवड्यात तिला जुलाब लागले, सलाईन लावावं लागलं. त्याआधी मासळी सुकवायच्या खळ्यावरच्या आणखी दोघी आजारी पडल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, पाणी कुठलं पिता?

पाणी खळ्यावरच्या जुन्या माठातलं. रोज वरून नवं ओतायचं, तळातलं कधी उपसायचं नाही, आणि जवळ्याने बरबटलेल्या हातांनी एकच प्लास्टिकचा मग आत बुडवायचा. आतून माठ बुळबुळीत झाला होता. एकीच्या हातावरची घाण सगळ्यांच्या पोटात जात होती.

रसिकाने बाजारातून तोटीचा नवा माठ आणवला. सासूबाईंना कोण आनंद! होडीचा उरलेला निळा तेलरंग बकुळाने माठाला बाहेरून चांगला दोनदा फासला. माठ नवरीसारखा नटला. पाणी मात्र दुपारपर्यंत कोमट व्हायचं.

"बकुळाबाय, यात चाय उकळंल गो!" खळ्यावरची मथुरा हसली आणि बायका पुन्हा जुन्या माठाकडे वळल्या. बकुळा माठवाल्याला शिव्या देत बसली.

दुसऱ्या दिवशी ऊन नुसतं भाजत होतं. बकुळाने वळून पाहिलं तर रसिका जुन्या माठापाशी, भरलेला मग ओठांशी. तापल्या वाळूतून ती धावली आणि तिच्या हातातला मग उडवून दिला.

"प्यालीस?"

"नाय, आई. ते कोमट पाणी पोटात टिकतच नाय." रसिका रडू लागली. "एक घोट गार हवा होता."

बकुळाने जुन्या माठाला हात लावला. बाहेरून ओला, गार. निळ्याला लावला. कोरडा, तापलेला. तिला उमगलं. पाणी लाकडात शिरू नये म्हणून होडीला रंग लावतात. तोच तिने माठाला लावून पाझरायची वाट बुजवली होती. पाझरलंच नाही तर वाऱ्यावर सुकणार काय आणि पाणी गार होणार कसं?

तिने जुना माठ वाळूत उपडा केला.

"आता आमी काय पिऊ?" मथुरा ओरडली.

"चूक माजी हाय. रंग मीच लावला," बकुळा म्हणाली.

जुनं सुती लुगडं फाडून, भिजवून तिने निळ्या माठाला गुंडाळलं आणि माठ सावलीत, वाऱ्याच्या तोंडाला ठेवला. कापड सुकलं की पुन्हा भिजवायचं. उन्हं कलली तरी रागावलेल्या बायका कामाला हात लावीनात. शेवटी तिने तोटी सोडून धुतलेलं भांडं भरलं आणि रसिकाला दिलं.

रसिका प्याली. सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. उलटी होते की काय, म्हणून बकुळा तिच्या शेजारीच उभी राहिली.

"आणखी द्या," रसिका म्हणाली.

बकुळा माठाचं सुकलेलं कापड पुन्हा भिजवू लागली. मथुरा उठली, साबणाने हात धुऊन आली आणि तिने भांडं भरलं.