शेवटची फुली

आईच्या टेबलावरचा गठ्ठा लिखाबिसोनं सोडला. पहिल्या एकोणीस पेपरांवर लाल शाई होती. विसाव्यावर एक फुली, आणि त्यापुढचे बावीस पेपर कोरेच.

आई जाऊन सोळा दिवस झाले होते. रीतीप्रमाणे लिखाबिसोचे केस उतरवलेले होते, छातीवर काळी पट्टी टाचलेली होती. मासेरू शहरातल्या शाळेत तीही गणितच शिकवायची, म्हणून मुख्याध्यापक न्टाटे थामाए म्हणाले होते, "आईचे आठवीचे पेपर तेवढे संपव, पोरी. शुक्रवारी गुण पाठवायचेत."

विसावा पेपर न्थाटी नावाच्या मुलीचा होता. काड्यांचे चौकोन एकाला एक लागून मांडत गेलं, तर पाच चौकोनांना किती काड्या? सोळा. बरोबर. शंभरांना? तीनशे एक. बरोबर. कितीही चौकोन असोत, त्यांचं सूत्र? मुलीनं लिहिलं होतं, ४n − (n − १). त्यावर फुली.

आईच्या उत्तरसूचीत ३n + १ होतं. लिखाबिसोनं पेन्सिलीनं पडताळलं. पाचाला वीस वजा चार, सोळा. शंभराला चारशे वजा नव्याण्णव, तीनशे एक. दोन्ही सूत्रं एकच. फुलीचा एक पाय कागदाबाहेर घसरला होता. आईच्या हातचं शेवटचं अक्षर ते, आणि तेच चुकलेलं.

बाकीचा पेपर लिखाबिसोनं पेन्सिलीनं तपासून बेरीज केली. न्थाटीला अडतीस पडत होते. पास व्हायला चाळीस लागत. सूत्राचे गुण चार.

"राहू दे गं," पेपर पाहून न्टाटे थामाए म्हणाले. "तिनं कुठून तरी उतरवलं असेल. आणि तुझ्या आईची फुली आता कोण खोडणार? तुला जमेल?"

दुपारी लिखाबिसोनं न्थाटीला बोलावलं. तिच्यामागून पोन्शो नावाची मैत्रीण न बोलावताच आली.

"हे सूत्र कुठून आलं?"

"माझ्या डोक्यातून, बाई."

"तिच्या डोक्यात आहे काय, बाई? उवा आहेत," पोन्शो म्हणाली.

"तू गप गं!"

लिखाबिसोनं खिडकीतला डबा पुढे सरकवला. त्यात आईच्या रॉकेलच्या स्टोच्या जळक्या काड्या होत्या. नव्या काड्या वर्गात उधळायच्या नाहीत, असा आईचा दंडक होता. आठवीतल्या मुलांची बोटं वर्षभर काळी असत.

"मांडून दाखव."

न्थाटीनं चार काड्यांचा एक चौकोन मांडला. शेजारी चार काड्यांचा दुसरा, मग तिसरा. "बाई शिकवायच्या, आधी एक काडी उभी करा, मग दर चौकोनाला तीन-तीन. ते बरोबरच आहे. पण ती पहिली काडी एकटीच उभी राहते ना, मला बघवेना. म्हणून मी प्रत्येकाला चार भिंती दिल्या. आता हे शेजारी चिकटले, की मध्ये दोन-दोन भिंती होतात. एक काढायची." तिनं दोन काड्या उचलल्या. "तीन घरं, दोन सांधे. बारातून दोन गेल्या, दहा."

"आणि त्रिकोण असते तर? चार त्रिकोण?"

न्थाटीनं काड्यांना हातही लावला नाही. "तीन चोक बारा. सांधे तीन. नऊ."

"हे माझ्या आईला सांगितलं होतंस?"

मुलीनं मान खाली घातली. "पेपर मिळाल्यावर सांगणार होते. बाई म्हणायच्या, फुलीशी भांडायला या. गप्प बसलात तर फुली खरी."

"मग भांडणात कोणी जिंकलं, की आई काय करायची?"

"फुलीभोवती गोल काढायच्या," पोन्शो म्हणाली. "आणि म्हणायच्या, हरले बाई मी! मला दोनदा म्हणाल्यात."

"तुला एकदाच," न्थाटी म्हणाली.

लिखाबिसोला हे ठाऊक नव्हतं. घरी आई कधी हरत नसे.

लाल पेन टेबलावरच होतं, टोपण न लावलेलं. मेलेल्या माणसाच्या वस्तू महिना होईपर्यंत काढायच्या नसतात, वापरायच्या नसतात. उरलेले पेपरही ती पेन्सिलीनंच तपासणार होती. पण तिनं पेन उचललं. पहिल्यांदा उमटलं नाही. तळहातावर गिरवल्यावर शाई आली. घसरलेला पाय आत येईल एवढा मोठा गोल तिनं फुलीभोवती काढला आणि अडतीसच्या जागी बेचाळीस लिहिले.

"म्हणा ना, बाई," पोन्शो म्हणाली.

न्थाटीनं मैत्रिणीला कोपरानं ढोसलं आणि बाहेर नेलं.

मुलींचे आवाज उतारावरून खाली गेले. लिखाबिसोनं काड्या डब्यात भरल्या. एक हातातच राहिली. ती तिनं टेबलावर उभी मांडली, तिला तीन जोडल्या, मग आणखी तीन.

मग एकविसावा पेपर ओढला आणि त्याच लाल पेनानं तपासायला घेतला.