त्रिविक्रमच्या जागी

त्रिविक्रमने नोकरी सोडली आणि माझी झोप उडाली. अहो, माणसं नोकऱ्या सोडतात, त्याचं काही नाही. पण हा गडी बोम्मसंद्र्यातले आमच्या ग्राहकांचे सगळे कारखाने एकट्याने सांभाळायचा. हैदराबादला सोलरच्या कंपनीत बरी जागा मिळाली, पेढे वाटले आणि गेला.

आमचं काम कोल्ड रूमच्या देखभालीचं. कारखान्यातल्या मोठाल्या थंड खोल्या बिघडू नयेत हे बघायचं, बिघडल्याच तर धावायचं. मी बंगलोर शाखेचा सेल्सचा प्रमुख. माझा जन्मही इथलाच, त्यामुळे चिडलो की माझ्या मराठीत कन्नड शिरतं आणि मी चिडतो बऱ्यापैकी.

त्रिविक्रम गेल्यावर मी सगळ्या ग्राहकांना एक छान मेल पाठवला. 'त्रिविक्रम आता आमच्यासोबत नाहीत. यापुढे शलाका आपलं काम पाहतील. सारं काही पूर्वीसारखंच चालू राहील.' दर वेळी हाच मेल जातो, फक्त नावं बदलतात. बाकी कोणी काही बोललं नाही. वसुमती मॅडमनी मात्र एका ओळीत उत्तर धाडलं, 'समोर येऊन सांगा.'

वसुमती म्हणजे फ्रोझन पराठ्यांच्या कारखान्याच्या प्लांट हेड. आमचा सगळ्यात मोठा ग्राहक. त्यांचा वर्षाचा करार महिनाअखेरीला संपत होता आणि त्यांनी दुसऱ्या कंपनीलाही बोलावून घेतल्याचं माझ्या कानावर आलं होतं. हा करार गेला असता तर पिराजीला आणि त्याच्या जोडीदाराला मला घरी बसवावं लागलं असतं. दोघेही आमचे तंत्रज्ञ, फक्त त्याच प्लांटवर नेमलेले. पिराजीने नुकतंच के. आर. पुरमला घर घेतलंय. त्याच्यासमोर कोणत्या तोंडाने उभा राहणार होतो मी?

आणि अशा वेळी माझ्या हाताशी कोण, तर शलाका. नागपूरची, मारतहळ्ळीला मैत्रिणींबरोबर राहणारी, कन्नडमध्ये 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, एवढ्यावर निभावणारी. गाडीत मी तिला पढवत होतो.

"हे बघ, तू फक्त हसायचं. बोलेन मी. काही विचारलं तर म्हणायचं, सगळं पूर्वीसारखंच राहील."

"सर, पण पूर्वी नेमकं काय होतं?"

"म्हणजे? करारात आहे की सगळं!"

"करार वाचला मी. काल त्रिविक्रमसरांशीही बोलले फोनवर."

मी गाडी जवळजवळ थांबवलीच. "त्याच्याशी? गेलेल्या माणसाशी? कोणाला विचारून?"

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात," ती शांतपणे म्हणाली. "आणि ते काही आपल्या धंद्यात नाहीत आता. खूप आनंदाने बोलले. तासभर."

अय्यो! आमच्याकडे गेलेल्या माणसाचं नावही काढायचं नाही, असा अलिखित रिवाज. कारखान्याच्या गेटपर्यंत मी सगळा राग हॉर्नवर काढला.

वसुमती मॅडमनी कॉफी मागवली, पण चेहरा मात्र कोरा. बोलणं हिंदी-इंग्रजीत चाललं होतं, मी मराठीतच सांगतो. मी शलाकाची ओळख करून दिली, तिचं शिक्षण सांगितलं, नागपूरची तिची कामं सांगितली आणि शेवटी हात जोडून म्हणालो, "मॅडम, काळजीच नको. सगळं अगदी पूर्वीसारखंच राहील."

"पूर्वीसारखं म्हणजे कसं?" त्यांनी विचारलं. "सांगा बघू."

मी तोंड उघडलं, आणि आत काहीच नव्हतं हो! इतक्या वर्षांत मी त्या प्लांटवर दिवाळीची मिठाई द्यायला तेवढा आलेलो. करारातलं पाठ होतं, ते बडबडू लागलो. मॅडमनी हात वर केला.

"हे कागदावरचं. त्रिविक्रम कागदापलीकडे काय करायचा, ते तुमच्या कंपनीत कोणाला माहीत तरी आहे का? मी त्याच्या पत्त्यावर दोन मेल पाठवले. तुम्ही त्याचा मेल बंद करून मोकळे झालात. मग मी तुमच्यावर विसंबून का राहायचं?"

संपलं, मी मनात म्हटलं. पिराजीला आजच सांगून टाकावं.

"मॅडम, मी सांगू?" शलाका म्हणाली. "तुमचा माल ट्रकमध्ये चढत असताना दारं सतत उघडी असतात. त्या वेळात त्रिविक्रमसर तपासणीला माणसं पाठवायचे नाहीत, लोडिंग संपल्यावर पाठवायचे. दसऱ्याआधी, मागणी वाढायच्या आत, दारांची रबरं तुम्ही न सांगता बघून घ्यायचे. आणि काही दोष सापडला तर रिपोर्ट तुमच्या हेड ऑफिसला जाण्याआधी तुम्हाला फोन करायचे, म्हणजे वरून विचारणा झाली की उत्तर तुमच्यापाशी तयार असायचं. हे तिन्ही मी चालू ठेवीन. अजूनही काही असेल, ते मला माहीत नाही. ते तुम्ही सांगा."

मॅडम खुर्चीत जरा पुढे सरकल्या. मीही सरकलो. यातलं एक अक्षर मला ठाऊक नव्हतं.

"पण एक गोष्ट मी चालू ठेवणार नाही," शलाका म्हणाली.

मी टेबलाखालून तिच्या बुटाला बूट लावला. ऐकेल तर शपथ!

"उन्हाळ्यात तुमच्या पंख्याची मोटर जळली होती. 'नवी मोटर कारखान्यातून निघाली आहे' असं आम्ही तुम्हाला सांगितलं, तेव्हा ती मागवलेलीसुद्धा नव्हती. तुम्ही चिडू नये म्हणून त्रिविक्रमसर वेळ मारून नेत होते. त्यांनीच मला सांगितलं, आणि म्हणाले, हे मॅडमना नक्की सांग, मला कधी धीर झाला नाही. मी खरा दिवस सांगेन. तुम्ही ओरडलात तरी."

आपल्याच कंपनीचं खोटं, ग्राहकाच्या टेबलावर, कराराच्या तोंडावर! या मुलीला वेड लागलंय का?

वसुमती मॅडमनी कॉफीचा कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं. मोटर बनवणाऱ्या कारखान्यात विचारून घेतलं होतं मी. पण माणूस चांगला होता, म्हणून बोलले नाही. त्या आठवड्यात मी माल दुसरीकडे भाड्याने ठेवायला हवा होता. खरं कळलं असतं तर ठेवला असता." आणि शलाकाकडे बघत, "तू माझं ओरडणं ऐकून घेशील म्हणतेस?"

"घेईन, मॅडम."

"सरी." त्या उठल्या. "चल, प्लांट दाखवते. जॅकेट घाल, आत थंडी आहे."

मीही लगबगीने उठलो, जॅकेटसाठी हात पुढे केला. मॅडम दारात वळल्या. "करार पाठवा रत्नाकर, सही करते. आणि पुढच्या वेळी तुम्ही आला नाहीत तरी चालेल."

त्यांनी ते अगदी सहज म्हटलं. मला क्षणभर झोंबलं, खोटं कशाला बोलू? वीस वर्षं मी लोकांची ओळख करून देत आलो, आणि दर वेळी ग्राहक माझा हात धरून म्हणायचा, 'तुम्ही मात्र लक्ष ठेवा हं.' त्यातच मला धन्यता वाटायची. आज पहिल्यांदा मी ओळख करून दिलेलं माणूस खरोखर माझा हात सोडून पुढे गेलं होतं. काचेपलीकडे ती ढगळ जॅकेट घालून मॅडमना काहीतरी विचारत होती आणि मॅडम हातवारे करून सांगत होत्या. वाघीण आहे पोरगी, मी मोठ्यानेच म्हणालो.

तिथेच उभं राहून मी पिराजीला फोन लावला. म्हटलं, घराचे हप्ते बिनधास्त भर. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही वाचवलंत."

"मी नाही रे," मी म्हणालो. "तुझ्या नव्या मॅडमनी वाचवलं, शलाका मॅडमनी. उद्या येतील, नीट ओळख करून घे."