डावी भुवई

आमच्या सरांना मी मनातल्या मनात ‘कल्पक’ म्हणते. समोर अर्थात ‘सर’. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ते एआयने गोष्टींचे व्हिडिओ बनवतात आणि दर अर्ध्या तासाने त्यांना एक कल्पना सुचते. सुचली की खुर्ची गर्रकन फिरवतात. माझ्याकडे वळली की मी डोळे मिटते.

वीस वर्षं मी सिनेमाच्या सेटवर सलगता सांभाळली. नटाने मागच्या शॉटमध्ये पेला कोणत्या हातात धरला होता, वरचं बटण उघडं होतं की बंद, सगळं माझ्या वहीत असे. नटांनी शिव्या घातल्या, पण वही कधी खोटी ठरली नाही. मग सेटवरून बोलावणी येईनाशी झाली आणि कल्पकने मला तीन महिन्यांच्या बोलीवर ठेवलं. काम एकच. एका गोष्टीच्या सहा क्लिप, आणि सहाही क्लिपमध्ये बाई तीच दिसली पाहिजे. त्या गोष्टीचे प्रकाशक गुरुवारी अकराला बघायला येणार होते. पसंत पडलं तर पुढच्या दहा कथा आमच्या आणि माझी नोकरी कायमची. नाहीतर मी घरी. ही नोकरी मला हवी होती. घरी बसून मी कुजले असते.

गोष्ट साधी होती. एक म्हातारी शिंपीण एका गिऱ्हाइकाचा कोट परत द्यायला शहरभर हिंडते. मी येण्याआधी कल्पकने ती स्वतः करून पाहिली होती. एका क्लिपची शेवटची फ्रेम घ्यायची, तीच पुढच्या क्लिपची पहिली म्हणून द्यायची. पहिल्या क्लिपमध्ये साठीची बाई, तिसरीत पन्नाशीची, सहावीत लग्नाला उभी राहील अशी! दरवेळी चेहरा थोडा घसरतो आणि ती घसरण पुढच्या क्लिपला वारशात मिळते. मशीनला सुरकुत्यांचा तिटकारा, संधी मिळाली की इस्त्री फिरवतं. हा माणूस मात्र म्हणतो, “बघा बाई, गोष्टीबरोबर ती तरुण होत गेली! आशय आहे.” कसला आशय? कपाळ!

मी शिस्त लावली. चेहऱ्याचे पाच संदर्भ-फोटो ठरवले: समोरून, दोन्ही अंगांनी तिरके, एक बाजूने, एक उभा. प्रत्येक क्लिपची पहिली फ्रेम याच पाचांवरून नव्याने बनवायची, आधीच्या क्लिपवरून कधीच नाही. बाईचं वर्णन एकदा लिहायचं आणि दरवेळी तेच चिकटवायचं, काना-मात्रेसकट. कल्पकने दुसऱ्याच दिवशी ‘म्हातारी शिंपीण’ खोडून ‘अनुभवांनी उजळलेली स्त्री’ केलं आणि क्लिपमध्ये बाईच्या डोक्यामागे प्रकाशाचं वलय आलं. मी ते पुसलं आणि कीबोर्ड माझ्या टेबलावर ओढून घेतला.

चेहरा माझ्या थोरल्या बहिणीचा. ताई चाळीस वर्षं शिवणकाम करते, त्यामुळे तिला विचारलं. ती हसून म्हणाली, “घे की. माझं थोबाड कोण बघणार?” तिच्या एका भुवईतून आडवा व्रण गेलाय, भुवईचे दोन तुकडे झालेत. अशी खूण असली की बाई ओळखू येते. फोटोंसाठी मी तिच्याकडे जायला हवं होतं. पण आठ महिन्यांत गेले नव्हते, तेव्हाही गेले नाही. दोन फोटो माझ्याकडे जुने होते, तीन तिलाच काढून पाठवायला सांगितले. तिने स्वयंपाकघरात उभं राहून, हात लांब करून काढले.

सोमवारी सहाही क्लिप तयार झाल्या. बाई तीच, वय तेच, कोट तोच. आणि व्रण? दुकानात डाव्या भुवईवर, जिन्यात उजव्या, पुलावर पुन्हा डाव्या. दारात कोट देताना तर मान वळवता वळवता एका भुवईवरून उडून दुसरीवर!

मी कल्पकवर अशी तुटून पडले की खालच्या टायरवाल्याने वर येऊन पाहिलं.

“पुन्हा शेवटची फ्रेम वापरलीत ना?”

“एकदाच,” तो पुटपुटला. “पाचव्या क्लिपला. फक्त बघायला म्हणून.”

“बघायला! लहान मूल आहात? प्रकाशकांना कळवा, चूक कोणाची ते.”

आणि त्या माणसाने खरोखर कळवलं. माझ्यासमोर फोन लावून म्हणाला, “माझ्या आगाऊपणामुळे घोळ झालाय. बाईंनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.” मला वाटलं, चला, अक्कल आली.

मंगळवारी पाचवी क्लिप नव्याने काढली. बुधवारी सकाळी सगळ्याच काढल्या. व्रण आपला उड्या मारतोच आहे. आता कल्पकने काही केलं नव्हतं, कारण त्याला मी कशाला हात लावू देत नव्हते. दुपारी मी सरळ ताईकडे गेले. नवे फोटो काढावेत, एवढंच डोक्यात होतं.

ती खिडकीशी शिवणाच्या मशीनवर बसली होती. मला बघून तिने मान वर केली आणि मी दारातच थांबले. व्रण डावीकडे होता. हातातल्या फोनमध्ये, तिने पाठवलेल्या तिन्ही फोटोंत, उजवीकडे. मी फोन तिच्यापुढे धरला.

“अगं, तो पुढच्या बाजूचा कॅमेरा,” ताई म्हणाली. “आरशासारखा दिसतो आणि तसाच ठेवतो. माझ्या ब्लाउजचा खिसा बघ, तोपण उलटा आलाय. तुला कळलं नाही?”

नाही कळलं. दोन फोटो सुलटे, तीन उलटे, पाचही मी निवडलेले, मीच मशीनला दिलेले. ते बिचारं दोन्ही बाजू खऱ्या मानून चाललं होतं.

“पण तुला तर माहीत पाहिजे गं,” ताई दोरा ओवत म्हणाली. “फोडलीस तूच की.”

मी सात वर्षांची होते, ती अकराची. तिने माझी बाहुली दिली नाही म्हणून मी पाटी फेकली होती. दोन टाके पडले. आईला तिने ‘मी पडले’ असं सांगितलं. परक्या नटांच्या हातातले पेले मला वीस वर्षं पाठ होते आणि स्वतः फोडलेली भुवई कोणती, हे ठाऊक नव्हतं. माझी मलाच किळस आली.

“चहा टाकू?” तिने विचारलं. मी नको म्हणाले, काम होतं. तिने फोटोंसाठी चेहरा सरळ धरला.

गुरुवारी अकराला सहाही क्लिप चालल्या. व्रण डावीकडे, दुकानापासून दारापर्यंत. प्रकाशकांनी दोनदा पाहिलं आणि म्हणाले, “ही बाई कुठेतरी आहे असं वाटतं. सोमवारी नेमकं काय बिघडलं होतं?”

मी तोंड उघडलं. तेवढ्यात कल्पक म्हणाला, “मी. माझा आगाऊपणा. बाईंची नजर होती म्हणून वाचलो. त्यांच्या हातून असं होणारच नाही.”

मी तोंड मिटलं. दहा कथा मिळाल्या. माझी नोकरी कायम झाली. कल्पकने स्वतःची फिरती खुर्ची उचलून माझ्या टेबलाशी आणून ठेवली आणि आपण स्टुलावर जाऊन बसला.

त्याला मी अजूनही ‘कल्पक’च म्हणते. फक्त आता मनातही हळू म्हणते.