धुवायला एक कमी

ग्लासगोच्या इस्पितळात सहाव्या मजल्यावर मी फरशा पुसते. वाचायला शिकले पन्नाशीनंतर, त्यामुळे वॉर्डाच्या ग्रुपवर आलेलं प्रत्येक मीम सावकाश वाचते. बाकीचे हसरं तोंड टाकून पुढे जातात.

ग्रुपचं नाव ‘बुडती बोट’. त्यात नर्स कट्रिओना सगळ्यांत वस्ताद. कामाची सलग सहावी पाळी लागली की करपलेल्या टोस्टचा फोटो टाकायची: ‘आजची मी. लोणी लावूनही उपयोग नाही.’ तिच्या जोडीचा नर्स फर्गस लगेच कोळशाचा फोटो टाकायचा. मग दोघं चहाच्या खोलीत खिदळायची आणि कामाला लागायची. त्या हसण्यावरच आमचा वॉर्ड चालत होता. व्यवस्थापक ड्रमंड साहेबांनी असली चित्रं बंद करा म्हणून नोटीस लावली, तर आम्ही त्या नोटिशीचंच मीम केलं.

मार्चमध्ये कट्रिओनाचं काहीतरी बिनसलं. मीम टाकायची, पण कुणी काय उत्तर दिलं ते बघायची नाही. चहाच्या सुट्टीत टोस्ट ताटलीत तसाच राहायचा.

आमच्याकडे ज्याचा मग त्याचाच, चहाच्या खोलीत आपापल्या हुकावर टांगलेला. दुसऱ्याच्या मगाला हात लावला तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. एका गुरुवारी तिने आपला पिवळा मग माझ्या हातात दिला. ‘ठेव तुला. मला आता लागायचा नाही.’ दुपारी ग्रुपवर रिकाम्या हुकाचा फोटो आला: ‘धुवायला एक कमी.’ खाली अकरा हसरी तोंडं.

मी पोछा बादलीत टाकला आणि तिला विचारायला निघाले. फर्गस म्हणाला, ती अशीच आहे, उगाच रडवशील तिला. मी म्हटलं, रडली तर रडू दे.

चादरींच्या खोलीत ती एकटीच होती. मी दार लावलं.

‘कट्रिओना, तू जीव द्यायचा विचार करते आहेस का?’

‘विनोद होता गं, इसोबेल.’

‘टोस्टवर तू स्वतः हसली होतीस. यावर नाही हसलीस.’

तिने चादरीची घडी घातली, मोडली, परत घातली. ‘आज घरी गेल्यावर,’ ती म्हणाली. ‘ठरवलंय सगळं.’

मी समजूत घालत बसले नाही. तिचा हात धरून हेड नर्सला फोन केला. फर्गसने तिचे सहा रुग्ण घेतले. आम्ही खाली तातडीच्या विभागात गेलो. मानसोपचाराचे डॉक्टर आणि तिचा भाऊ येईपर्यंत मी तिला एकटं सोडलं नाही. माझी फरशी अर्धी तशीच राहिली.

पुढच्या आठवड्यात साहेब म्हणाले, म्हणूनच ही चित्रं नको म्हणत होतो.

‘चित्रं होती म्हणून कळलं, साहेब,’ मी म्हटलं. ‘तुम्ही पाळ्यांचा तक्ता बघा.’

भिंतीवरची ती नोटीस मीच काढून टाकली. बोट चालू ठेवली, फक्त एक नियम वाढवला: ज्याला स्वतःच्या विनोदावर हसू येत नाही, त्याच्याकडे चालत जायचं आणि सरळ विचारायचं.

जूनमध्ये कट्रिओना परतली, आठवड्याला तीनच पाळ्या. हुकावरचा पिवळा मग पाहून म्हणाली, ‘वापरलास का गं?’

‘एकदाही नाही.’

त्या दुपारी ग्रुपवर फोटो आला: ‘अर्धाच करपलेला टोस्ट.’ फर्गसने कोळसा टाकला. ती खळखळून हसली. तरी मी जाऊन विचारलंच.