चॉकलेटला पाण्याचं वावडं

सून आली तेव्हापासून एक खोड तिला काही सुटली नव्हती. सांगितलेलं करायची, पण तोंड असं करायची, की जणू विहिरीत ढकललंय. आजही तेच. कृष्णाबाईंनी हेमावतीला ओलं लुगडं नेसायला लावलं, तेव्हा ती क्षणभर थांबली, काही म्हणणार होती, आणि गप्प बसली.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही, अक्का."

ओलं नेसण्यावाचून इलाज नव्हता. डिसेंबरची थंडी, सोवळ्याचं लुगडं वाळलंच नाही. आणि कृष्णाबाईंच्या चुलीवरून पेढा जातो तो सोवळ्यातलाच, हे अख्ख्या देशपांडे नगराला माहीत. त्याच पेढ्यांना आज रेल्वेच्या मोठ्या साहेबाच्या घरच्या मेजवानीसाठी चॉकलेटात बुडवायचं होतं. संध्याकाळी पाचला माणूस येणार. पोचले नाहीत तर नाव जाणार. चाळीस वर्षांचं नाव! मुंबईहून आलेल्या चॉकलेटच्या लाद्या दोनच. हेमावती धारवाडच्या शाळेत मडमेकडून हे काम शिकलेली, म्हणून ते तिच्याकडे.

खाली पातेल्यात कोमट पाणी, वर कोरडं भांडं, त्यात एका लादीचे चिरलेले तुकडे. चांगलं चकाकत वितळत होतं. तेवढ्यात हेमावतीच्या पदरातून दोन थेंब ओघळले. बघता बघता चॉकलेट आवळलं, रवाळ झालं, ओल्या मातीचा गोळाच.

"अगं बाई! काय केलंस हे? मुद्दाम केलंस ना?"

"पाणी लागलं, अक्का. एक थेंब पडला तरी आवळतं ते. मला ठाऊक होतं. पण ओलं नको म्हटलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असता?"

कृष्णाबाई उठल्या. देवघराच्या पेटीतून स्वतःचा रेशमी मुकटा काढला. रेशमाला सोवळ्यात ओलं करायची गरज नसते. हा मुकटा त्यांनी आजवर लेकीलाही दिला नव्हता.

"नेस. हात पूस. मग लाव हात."

दुसरी लादी हेमावतीनं बारीक चिरली. पाणी उकळू दिलं नाही. भांड्याचा तळ पाण्याला टेकू दिला नाही. वाफेचं पाणी आत पडेल म्हणून झाकणही ठेवलं नाही. वीस आकडे मोजायचे, भांडं उतरवायचं, तळ पुसून ढवळायचं, पुन्हा ठेवायचं. थोडे तुकडे शिल्लक असतानाच तिनं भांडं कायमचं उतरवलं. राहिलेले त्याच उबेत विरघळले. ओठाला लावून पाहिलं तर जेमतेम कोमट.

"अजून थोडं तापव की."

"नको, अक्का. करपतं."

कृष्णाबाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला.

पेढे बुडाले, चकाकले. पाचला माणूस येऊन घेऊन गेला. बिघडलेला गोळा हेमावतीनं गरम दुधात घोटला, तेवढा तरी वाया गेला नाही.

मुकटा घडी करून ती पुढे आली, तशा कृष्णाबाई तिच्याकडे न बघताच म्हणाल्या, "ओलं मी नेसवलं, तो दोष माझा. पण समोर नासत असताना तू तोंड शिवून बसलीस, तो तुझा. या घरात भ्यायचं असेल तर मला भी, चॉकलेट बिघडताना मात्र ओरड. ऐकू आलं?"