स्त्री क्रमांक सात आणि तिचे साहेब

शोधनिबंध पुरा झाला तेव्हा धाकटी हवेतच होती. घरातलं शेंडेफळ म्हणून घरी तिला धाकटी म्हणत, आणि विभागातही पीएचडी करणाऱ्यांत तीच सर्वांत लहान, म्हणून तिथेही तेच नाव चिकटलं. आजारी नवऱ्याची घरी काळजी घेणाऱ्या बायका समाजमाध्यमांवर काय लिहितात, हा तिचा विषय. शेकडो पोस्टी वाचून डोळ्यांच्या खाचा झाल्या होत्या. तिने सगळ्यांची नावं काढून टाकली, गावं काढून टाकली, आणि प्रत्येकीला एक क्रमांक दिला. परवानगी कुणाची घेतली नव्हती. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीकडे केलेल्या अर्जात तिने लिहिलं होतं की पोस्टी सर्वांसाठी खुल्या आहेत, आणि समितीनेही मान डोलावली होती.

त्या शेकडो बायकांत तिचा जीव जडला होता तो स्त्री क्रमांक सातवर. या बाईच्या नवऱ्याला पक्षाघाताचा झटका आला, त्यात वाचा गेली आणि एकच शब्द उरला, ‘हो’. पोस्टींमध्ये ती त्याला साहेब म्हणायची. ‘साहेबांना विचारलं, चहा? हो. साखरेचा? हो. बिनसाखरेचा? हो. मी दुसरं लग्न करू का? हो. इतका गुणी नवरा मला आजवर मिळाला नव्हता.’ ही पोस्ट वाचून धाकटी ग्रंथालयात एवढ्या मोठ्याने हसली होती की तिला बाहेर जायला सांगितलं.

पण निबंधाचं नाव तिने दुसऱ्याच पोस्टीतून घेतलं होतं. साहेबांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. आजारपणानंतर एकदा त्यांनी गुपचूप एक मनगटी घड्याळ उघडलं, पण काटा काही बसेना. ‘मग त्यांनी घड्याळ उशीखाली सारलं आणि भिंतीकडे तोंड करून रडले. मी दारात होते. मी पाहिलं नाही असं दाखवलं.’

‘मी पाहिलं नाही असं दाखवलं’. असं नाव मिळायला नशीब लागतं, असं धाकटीला वाटत होतं. एका मोठ्या नियतकालिकाने निबंध घ्यायचं जवळजवळ कबूल केलं होतं, आणि परीक्षकाने नावाचं खास कौतुक केलं होतं.

तिच्या मार्गदर्शक बाई कमी बोलत आणि सावकाश वाचत. त्यांनी निबंध वाचला, चष्मा पुसला, आणि ते शीर्षक उचलून संगणकावर शोधायला टाकलं. धाकटी चहाचा कप तोंडाला लावायच्या आत पडद्यावर पान उघडलं. वर फोटो होता. घड्याळांच्या दुकानापुढे कमरेवर हात ठेवून उभी असलेली एक गोल चेहऱ्याची बाई, मागे दुकानाची पाटी, पाटीवर फोन नंबर.

“ही तुझी क्रमांक सात,” बाई म्हणाल्या. “हसरी आहे.”

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. नाव पुसलं की माणूस पुसला जातो, असं ती इतके महिने धरून चालली होती. शब्द जसेच्या तसे ठेवले की ते बोट धरून थेट घरापर्यंत नेतात, हे एवढ्या हुशार मुलीच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि शब्द बदलले असते तरी काय? असे आजारी घड्याळवाले गावात कितीसे असणार!

“पण बाई, तिने स्वतःच लिहिलंय ना उघड्यावर? कुणीही वाचू शकतं.”

“बागेत बाकावर दोघी बोलत बसल्या तर तेही कुणालाही ऐकू येतं. म्हणून त्यांचं बोलणं तू छापशील?” बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “तिने ते स्वतःसारख्या बायकांसाठी लिहिलंय. आपल्यासाठी नाही. आणि समितीने मान डोलावली म्हणून आपली मान सुटत नाही. मीही नीट बघायला हवं होतं.”

झालं, निबंधाचं काम परत पहिल्यापासून. समितीकडे नव्याने अर्ज गेला. बाकीच्या बायकांच्या पोस्टींचा आशय धाकटीने आपल्या शब्दांत मांडायचा, ओळख पटेल असे तपशील गाळायचे, आणि प्रत्येक वाक्य शोधून पाहायचं, की ते कुणाच्या दारात नेत नाही ना. शब्द जसेच्या तसे वापरायचे तर लिहिणारीला विचारून. मंजुरी आल्यावर धाकटीने क्रमांक सातला निरोप पाठवला. मी कोण, काय करते, तुमचं काय घेतलंय, नाही म्हणालात तर कारणही विचारणार नाही, असं सगळं. पाठवला आणि नखं कुरतडत बसली. ती रागावली तर? सगळं पान बंद करून बसली तर? मग निबंधाचा प्राणच गेला.

उत्तरादाखल फोनच आला.

“अगं, छाप की! नाव घालून छाप! आमच्या नणंदबाईंना कळू दे, मी नुसती बडबडी नाही, माझ्यावर अभ्यास होतो!”

धाकटी खुर्चीतून उडालीच. मग तिला बाईंचा सावकाश वाचणारा चेहरा आठवला, आणि जिभेवर आलेलं ‘थँक्यू काकू’ तिने गिळलं.

“काकू, तुमचं नाव घातलं की काकाही ओळखू येणार. लिहिलंय तुम्ही, पण गोष्टी त्यांच्या आहेत. त्यांना विचारायला हवं.”

“विचार की. ते हो म्हणतील.” काकू हसल्या. “ते सगळ्यालाच हो म्हणतात गं,” त्या हळूच म्हणाल्या.

पुढच्या रविवारी धाकटी आणि बाई दोघी त्या घरी गेल्या. दुकान खाली, घर वर. जिन्यापासूनच टिकटिक ऐकू येत होती. साहेब खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, स्वच्छ दाढी केलेले, उजवा हात मांडीवर निपचित. पाहुण्यांना पाहून त्यांनी मान लववली आणि म्हणाले, “हो.”

धाकटीने त्यांच्यासमोर बसून सावकाश, सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. “काका, काकूंनी लिहिलेलं मी छापू का?”

“हो.”

आतून धाकटी आनंदाने ओरडली. परवानगी मिळाली, साक्षीला दोन माणसं! तिने बाईंकडे पाहिलं. बाई छताकडे पाहत होत्या. धाकटीला कळलं. ती मनातल्या मनात चरफडली आणि पुन्हा म्हणाली, “काका, मी हे छापू नको का?”

“हो,” साहेब तितक्याच अदबीने म्हणाले.

काकूंना हसू आवरेना. “मी सांगत नव्हते? हा हो म्हणजे नुसता श्वास आहे.”

पण बाई रिकाम्या हाताने आल्या नव्हत्या. वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला विचारून त्यांनी तयारी केली होती. साहेबांना वाचलेलं बरंचसं समजतं, असं काकूंनी फोनवर सांगितलं होतं. म्हणून एकेक पोस्ट मोठ्या अक्षरांत वेगळ्या कागदावर छापून आणली होती, आणि सोबत दोन पुठ्ठे होते. एकावर होकाराचा हसरा चेहरा, दुसऱ्यावर नकाराचा आडवा हात. बोलायचं नाही, डाव्या हाताने दाखवायचं. घाई नाही.

“सगळ्याच आणल्यात?” काकूंनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता. “ती उशीची पण?”

“ती पण,” धाकटी म्हणाली. “विचारायचं तर सगळंच विचारायला हवं.”

“त्यांना ठाऊक नाही गं, मी पाहिलं ते.”

जगाला ठाऊक होतं. कुठल्या कुठल्या बायकांनी त्या पोस्टीखाली रडके चेहरे टाकले होते. ज्याच्याबद्दल होती, त्यालाच तेवढं ठाऊक नव्हतं. धाकटीला पहिल्यांदाच आपल्या सुरेख शीर्षकाची लाज वाटली.

“काकू, नको असेल तर आत्ताच थांबू. ती पोस्ट मी वगळते, त्यांना दाखवायचीही गरज नाही.” शीर्षक हातचं जाणार होतं, तरी ती म्हणाली.

काकूंनी पदराने कपाळ पुसलं. “नाही. दाखव. वर्षभर त्यांच्यावर लिहितेय, एकदा त्यांनाही वाचू दे.”

चहाची पोस्ट आली. साहेबांनी सावकाश वाचली, दुसऱ्या लग्नापाशी पोचले, आणि त्यांचं अर्धं तोंड हसलं. बोट हसऱ्या चेहऱ्यावर. नणंदेच्या फोनची, खोकल्याच्या औषधाची, शेजाऱ्याच्या सल्ल्यांची, सगळ्यांवर हसरा चेहरा. बाई मध्येच पुठ्ठ्यांची जागा बदलायच्या, पण बोट चुकत नव्हतं.

मग उशीची आली.

साहेबांनी ती वाचली. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली. मग मान वर करून बायकोकडे पाहिलं. काकूंनी नुसती मान हलवली, की होय, होते मी दारात. साहेबांचा डावा हात उठला, पुठ्ठ्यांकडे गेलाच नाही, थेट कागदावर पालथा पडला. ओठ हलले. काहीतरी घशाशी अडकलं, सुटलं, पुन्हा अडकलं.

“न,” ते म्हणाले. “न... नको.”

काकू खाली बसल्या त्या बसल्याच. आरशापुढे बसवून, ओठ धरून, लाडीगोडी लावून त्यांनी हा शब्द वर्षभर घोकून घेतला होता, आणि साहेबांनी दर वेळी ‘हो’ म्हणून त्यावर पाणी फिरवलं होतं.

“पुन्हा म्हणा,” त्या म्हणाल्या. “अहो, पुन्हा म्हणा ना.”

“नको,” साहेब म्हणाले. या वेळी रागानेच म्हणाले.

काकू रडत होत्या आणि हसत होत्या, आणि धाकटीला आपल्याला नेमकं काय वाटतंय ते कळेना. नियतकालिक गेलं, परीक्षकाचं कौतुक गेलं, नशिबाने मिळालेलं शीर्षक गेलं. तिला हळहळ वाटायला हवी होती. वाटलीही, थोडीशी. पण त्याहून जास्त तिला उठून नाचावंसं वाटत होतं. तिने तो कागद साहेबांच्या हाताखालून काढला नाही. तो त्यांच्याकडेच राहू दिला. आपल्या संगणकातली ती नोंद काढून टाकीन, असं तिने त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं. काकूंनी तर तिथल्या तिथे फोन घेतला आणि पानावरची पोस्टच पुसली.

“बाकीच्यांचं काय?” धाकटीने घाबरत घाबरत बाईंना विचारलं.

“बाकीच्यांना त्यांनी होकार दिलाय,” बाई म्हणाल्या. “त्यांना नको म्हणता येतं, म्हणजे आता तो खरा धरता येतो.”

निबंधाला नवीन नाव द्यावं लागणार होतं, आणि ते याच्या निम्म्यानेही चांगलं सुचणार नव्हतं, हे धाकटीला जिना उतरायच्या आधीच ठाऊक होतं. ती दारात चपला घालत असताना आतून काकूंचा आवाज आला.

“चहा टाकू?”

“नको.”

“बिनसाखरेचा?”

“नको!”

“बरं. मग मी दुसरं लग्न करू का?”

आत सगळी घड्याळं टिकटिकत राहिली. धाकटी चपलेत एक पाय घालून तशीच थांबली.

“नको,” साहेब म्हणाले.